टेस्ट आणि टेस्ट

अण्णा चार फुलस्केप घेऊन आले. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या क्वालिटी खात्यात 34 वर्षं काढली, शनिवारी निवृत्त होणार. निरोपाला गिऱ्हाईक कंपनीचे दोन जर्मन पाहुणे आहेत, म्हणून भाषण इंग्रजीत. "बाई, व्याकरण तेवढं बघा," म्हणाले. मी कागद परत त्यांच्याच हातात दिले. म्हटलं, आधी वाचून दाखवा.

कागद हातात आला की डोळा स्पेलिंगवर जातो आणि भाषणात स्पेलिंग कुणालाच ऐकू येत नाही. पहिल्या खेपेला मी पेन्सिल घेऊन नुसती ऐकत बसते. जिथं अर्थ कळायला क्षणभर थांबावं लागलं, तिथं एक टिंब. दुसऱ्या खेपेला कागद समोर घेऊन व्याकरण, तिसऱ्या खेपेला उच्चार. 640 शब्दांना सहा मिनिटं वीस सेकंद लागली. टिंबं एकोणीस. चुका त्याहून पुष्कळ जास्त होत्या, पण बाकीच्यांनी कुणाची वाट अडत नव्हती.

*

सुरुवातच "रिस्पेक्टेड डिग्निटरीज प्रेझेंट ऑन द डायस" अशी. व्यासपीठावरील मान्यवर तसेच्या तसे उचलून आणलेले. चूक म्हणता येणार नाही, आपल्याकडे सगळे असंच बोलतात. पण ही ओळ आणि तिच्यामागून येणारी नावं यांत पाऊण मिनिट जातं. पाहुण्यांची दोन नावं ठेवली, बाकी "फ्रेंड्स". अण्णांना ते उद्धट वाटलं. मालकांचं नाव मग त्यांनी परत घातलं, मीही हट्ट धरला नाही.

*

सगळ्यात मोठं टिंब दुसऱ्या पानावर होतं. "इन धिस जर्नी फ्यू पीपल हेल्प्ड मी." अण्णांच्या मनात होतं, या प्रवासात काही जणांनी मला मदत केली. इंग्रजी कानाला ऐकू येतं, फारसं कुणी मदतीला आलं नाही. फरक एवढ्याशा "अ"चा. "अ फ्यू" म्हणजे काही जण. "फ्यू" म्हणजे जवळजवळ कुणीच नाही. निरोपाच्या दिवशी, मालक पुढच्या रांगेत बसलेले असताना, माणूस आभार मानायला उठतो आणि तक्रार करून बसतो.

मराठीला हे "अ" आणि "द" लागतच नाहीत, म्हणून ते लिहिताना सुटतात. पहिल्या पानावर अकरा ठिकाणी सुटले होते. सगळे भरले, पण अण्णांना सांगितलं, बोलताना दहा सुटले तरी चालतील, हा एक सुटायचा नाही. या "अ"भोवती लाल वर्तुळ केलं. अख्ख्या भाषणात लाल शाई फक्त तिथंच वापरली.

*

"आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थर्टी-फोर इयर्स." हे सगळ्यांचं होतं. मी चौतीस वर्षांपासून काम करतोय, मी 1991 पासून काम करतोय. आपल्याला दोन्हीकडे "पासून" चालतं. इंग्रजीत सुरुवातीचं साल सांगायचं तर "सिन्स" आणि मुदत सांगायची तर "फॉर". क्रियापदही बदलतं, कारण तेव्हा सुरू झालेलं काम अजून चालू आहे: "आय हॅव्ह बीन वर्किंग हिअर फॉर थर्टी-फोर इयर्स." पण शनिवारी ते तर थांबणार आहेत. मग सरळ "आय वर्क्ड हिअर फॉर थर्टी-फोर इयर्स" लिहू का, विचारलं. अण्णा थोडा वेळ गप्प बसले. "शनिवारपर्यंत नोकरीत आहे ना मी," म्हणाले. "हॅव्ह बीन" ठेवलं.

*

"इन 1998 आय हॅड गॉन टू जर्मनी." हे "गेलो होतो" मी वर्गातही वर्षानुवर्षं खोडलं आहे. मराठीत गोष्ट जुनी झाली की आपण "होतो" जोडतो: मी अठ्ठ्याण्णवला जर्मनीला गेलो होतो. तेवढ्यानं वाक्य पुरं होतं. इंग्रजीतलं "हॅड गॉन" एकटं उभं राहत नाही. ते ऐकलं की माणूस वाट बघतो, गेले होते, आणि मग? कशाच्या आधी? पुढं काहीच येत नाही. साधं "आय वेन्ट" पुरे.

अण्णांच्या भाषणात असे सात "हॅड" होते, त्यातला एक मात्र अस्सल. भट्टी बंद पडली, तोवर दोन साचे भरून झाले होते. इथं एक घटना दुसरीच्या आधीची आहे, म्हणून "वी हॅड पोअर्ड टू मोल्ड्स" हवंच. सहा खोडले, एक ठेवला. अण्णांनी नियम विचारला तेव्हा म्हटलं, ज्या वाक्यात "तोवर" बसतं तिथं ठेवा. कामचलाऊ नियम आहे, पण सहा मिनिटांच्या भाषणाला पुरतो.

*

वरिष्ठांचा किस्सा भाषणाचा जीव आहे. पहिल्या वर्षी एका लॉटमध्ये ब्लो होल निघाले. ट्रक दारात उभा, वरून फोनवर फोन. त्यांचे वरिष्ठ म्हणाले, की मी हा माल जाऊ देणार नाही.

अण्णांचं इंग्रजी: "माय सीनिअर टोल्ड दॅट आय विल नॉट अलाउ धिस लॉट टू गो." मराठीत "की"च्या पुढं माणसाचं बोलणं जसंच्या तसं येतं, "मी" त्याचाच राहतो. इंग्रजीत "दॅट"च्या पुढचा "आय" भाषण करणाऱ्याचा होतो. म्हणजे वरिष्ठांनी अण्णांना बजावलं, की अण्णा माल सोडणार नाहीत. ज्या माणसाचं ऋण सांगायचं त्याचंच श्रेय वक्त्याच्या खिशात गेलं, आणि तेही वक्त्याच्या नकळत.

शिवाय "टोल्ड"ला कुणाला ते लागतं. आपलं "सांगितलं" कुणाला याच्याशिवाय चालतं, त्यामुळे तेही सुटलेलं.

"ही टोल्ड मी दॅट ही वुड नॉट अलाउ इट" ही पुस्तकी दुरुस्ती झाली. व्याकरण शुद्ध, पण तो माणूस वाक्यातून उठून गेला. म्हणून "दॅट"च काढला. "माय सीनिअर सेड", मग एक श्वास थांबायचं, आणि मग "आय विल नॉट अलाउ धिस लॉट टू गो", त्यांच्याच आवाजात. कागदावर अवतरणचिन्हं असतात, बोलताना त्यांची जागा तो श्वास घेतो. अण्णांनी तो घेतला आणि त्यांचा आवाज आपोआप जाड झाला.

*

त्यालाच लागून: "ही ओन्ली टॉट मी टू होल्ड द गेज." म्हणजे त्यांनीच मला गेज धरायला शिकवलं. आपला "च" लहान, पण फार कामाचा. "ओन्ली" त्याच्या जागी ठेवला की अर्थ होतो, त्यांनी नुसतं गेज धरायला शिकवलं, बाकी काही नाही. इंग्रजीत "च"चं काम बरेचदा आवाजच करतो: "ही टॉट मी", आणि "ही"वर जोर. कागदावर "ही"खाली दोन रेघा ओढल्या.

"दो आय वॉज जुनिअर, स्टिल ही..." यातला "स्टिल" म्हणजे आपला "तरी". जरी आला की तरी यायलाच हवा, ही मराठीची शिस्त. खोडला नाही. पाहुण्यांना कळतंय, आणि अण्णांना त्याच्याशिवाय वाक्य लंगडं वाटतं.

*

झटपट बदललेले: "पास्ड आउट फ्रॉम पॉलिटेक्निक" (पाहुण्यांना वाटेल चक्कर येऊन पडले) याचं "फिनिश्ड माय डिप्लोमा". "बॅकसाइड ऑफ द फर्नेस" याचं नुसतं "बिहाइंड". कामगार "डाउट्स" विचारायचे, तिथं "क्वेश्चन्स". कास्टिंगबद्दल "डाउट" आला तो मात्र बरोबर आहे, तो खरोखर संशय होता. आणि शेवटी "टू वर्ड्स" बोलून रजा घेतो म्हणालात अण्णा, तर कुणी मोजेल.

*

उच्चार. इथं माझी लिपीच मला साथ देत नाही.

"वी टेस्ट एव्हरी कास्टिंग." आम्ही प्रत्येक कास्टिंगची चाचणी घेतो. अण्णांच्या तोंडी ते झालं, आम्ही प्रत्येक कास्टिंगची चव घेतो. चाचणीचा टेस्ट आणि चवीचा टेस्ट आपण एकसारखाच लिहितो आणि एकसारखाच बोलतो, कारण मराठीचा ए एकच. मिळवायचं गेट आणि फाटकाचं गेट, पश्चिमेचा वेस्ट आणि वाया जाणारा वेस्ट, सगळे जुळे. क्वालिटी खात्यातल्या माणसाच्या भाषणात चाचणीचा टेस्ट नऊ वेळा येतो.

चवीच्या शब्दात जीभ ए पासून इ कडे घसरते, टेइस्ट म्हटल्यासारखी. चाचणीच्या शब्दात घसरायचं नाही. ए अर्ध्यात तोडायचा, जबडा किंचित जास्त उघडायचा आणि लगेच स्ट वर जायचं. मी आधी चवीचा शब्द मुद्दाम ताणून म्हणायला लावला, म्हणजे टाळायचं काय ते जिभेला कळतं. दहाव्या वेळी जमलं. अकराव्या वेळी बिघडलं. मग नऊपैकी पाच ठिकाणी "चेक" घातलं. जिभेला शिकवायला चार दिवस पुरत नाहीत, शब्द बदलायला पुरतात.

*

व आणि व्ह. मराठी लेखनात आपण वॉच आणि व्हॅन असा फरक करतो, पण तोंडातून दोन्ही बहुतेक एकच येतात. पाहुणे जर्मन आहेत. त्यांच्या भाषेत डब्ल्यू अक्षराचाच उच्चार व्ह सारखा, त्यामुळे "वी"चं "व्ही" त्यांचंही होतं. सोडून दिलं. एकच शब्द पकडला. कारखाना व्हॅल्व्हची कास्टिंग करतो आणि शॉपवर सगळे त्याला "वॉल" म्हणतात. पाहुण्यांना ती भिंत ऐकू येणार. वरचे दात खालच्या ओठावर ठेवून सुरू करायचं आणि शेवटीही तिथंच यायचं. शेवटचा व्ह गिळला की पुन्हा भिंत.

"डेव्हलप"मध्ये जोर पहिल्या अक्षरावर यायचा, तो दुसऱ्यावर हवा. कागदावर त्या अक्षराखाली रेघ. "मेटॅलर्जिकल लॅबोरेटरी"ला तीनदा अडखळले, म्हणून "द लॅब". "सिक्स मन्थ्स"च्या शेवटच्या जोडाक्षराशी झगडण्यापेक्षा "हाफ अ इयर". "थँक"मधला थ आपलाच राहिला. तो सगळ्यांना कळतो.

*

दुरुस्तीनंतर 520 शब्द, पाच मिनिटं. चौथं पान मोल्डिंग आणि फेटलिंगच्या माणसांचे आभार. अण्णांना विचारलं, हे ऐकणार कोण? ती माणसं मागच्या खुर्च्यांवर बसणार आणि त्यांना इंग्रजी कळत नाही. ते पान मराठीत करायचं ठरलं. पाहुणे एक मिनिट थांबतील.

रात्री अण्णांनी मराठी पान लिहून आणलं. पहिलं वाक्य: "मी सर्वांना धन्यवाद देऊ इच्छितो, ज्यांनी मला सपोर्ट केला." पुन्हा पेन्सिल काढली.