‘डू नॉट’ की ‘डोन्ट’?

बेळगावसारख्या गावात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना इंग्रजीत ईमेल लिहिण्याचे प्रसंग वारंवार येतात. कचेरीची भाषा कन्नड, आमची मराठी. मग दोहोंमधला व्यवहार पुष्कळदा इंग्रजीवर सोपवावा लागतो. शाळेत आम्हांला एक नियम घोकून घेतलेला होता : औपचारिक पत्रात ‘डोन्ट’, ‘कान्ट’ असली जोडरूपे लिहू नयेत, ‘डू नॉट’, ‘कॅनॉट’ अशी पूर्ण रूपे लिहावीत. आमच्या मते हा नियम अर्धाच आहे. पूर्ण रूप औपचारिक असते हे खरे. पण ते ‘नॉट’वर जोरही देते, आणि ही दुसरी गोष्ट शाळेत कोणी सांगितली नाही.

‘डोन्ट’मध्ये नकार क्रियापदाला चिकटून जातो. ‘डू नॉट’ लिहिले की ‘नॉट’ हा शब्द एकटा उभा राहतो आणि वाचणारा मनातल्या मनात त्यावर आघात देतो. अनोळखी अधिकाऱ्याला हा आघात जाणवत नाही, कारण त्याला सगळे पत्रच त्या सुरात आलेले असते. परंतु ज्याच्याशी वर्षभर मोकळेपणाने पत्रव्यवहार चालू आहे, त्याला एके दिवशी ‘आय डू नॉट अग्री’ असे लिहिले, तर आपण रागावलो आहोत असा त्याचा समज होतो. ‘आय डोन्ट अग्री’ हाच मतभेद, पण त्यात दार उघडे असते.

मराठी कानाला ही गोष्ट निम्मी परिचित आहे. ‘मी येत आहे’ आणि ‘मी येतोय’ यांत आपण असाच भेद करतो. निवेदनात ‘कळवीत आहोत’ लिहितो, मित्राला ‘कळवतोय’. मात्र आपल्याकडे पूर्ण रूप कोरडे वाटले तरी दटावणीचे वाटत नाही. शिवाय जवळीक आणि आदर दाखवायला आपल्याकडे तू, तुम्ही, आपण अशी सोय आहे. इंग्रजीत रोजच्या व्यवहारात ‘यू’ हे एकच उरले आहे, म्हणून नात्याचा भार अशा बारीकसारीक जागांवर येऊन पडतो.

एक उदाहरण घेऊ. एका कागदाची प्रमाणित प्रत मिळालेली नाही, म्हणून बैठकीस येता येत नाही, एवढाच मजकूर आहे. कचेरीला पहिल्यांदाच लिहिताना ‘वुई हॅव नॉट रिसीव्ह्ड द कॉपी’ आणि पुढे ‘वुई कॅनॉट अटेंड’ हेच योग्य. (‘कॅनॉट’ सहसा एका शब्दात लिहितात, हे जाता जाता.) हीच गोष्ट परिचयाच्या वकिलांना कळवायची, तर त्यांच्या मागील उत्तराकडे पाहावे. त्यांनी ‘आय हॅवन्ट’, ‘इट्स’ असे लिहिले असेल, तर आपणही ‘वुई हॅवन्ट’, ‘वुई कान्ट’ लिहावे. वडीलधाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत ही मोकळीक आधी त्यांच्याकडून यावी, हे आम्ही पाळतो. आणि ज्यांच्याशी नेहमी ‘हॅवन्ट’ चालते, त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या स्मरणपत्रात ‘वुई स्टिल हॅव नॉट’ असे लिहिले, की संयम संपत आला हे न सांगता पोहोचते. कचेरीच्या बाबतीत ही युक्ती लागू पडत नाही, कारण तिथे पूर्ण रूप पहिल्यापासूनच आहे. तिथे मागील पत्रांच्या तारखा लिहिणेच बरे.

सर्वांत फसवी जागा नकारार्थी प्रश्नाची. ‘व्हाय डोन्ट यू व्हिजिट अस?’ हे आमंत्रण आहे : या ना एकदा आमच्याकडे! औपचारिकतेपोटी कोणी तेच ‘व्हाय डू यू नॉट व्हिजिट अस?’ असे फोडून लिहिले, तर ती उलटतपासणी होते : तुम्ही आमच्याकडे का येत नाही? इथे शब्दांची जागाही बदलते, ‘नॉट’ मागे सरकतो. म्हणून प्रश्न पूर्ण रूपात लिहावा लागत असेल, तर आम्ही तो प्रश्नच टाळतो आणि ‘वुई वुड बी ग्लॅड इफ यू कुड व्हिजिट’ असे साधे विधान करतो.

याउलट काही जोडरूपे ओळखीच्या माणसालाही ईमेलमध्ये लिहू नयेत, असे आमचे मत आहे. ‘देअर्ड’, ‘शुडन्टव्ह’ ही बोलण्यात शोभतात, कागदावर अडखळवतात. ‘ही’ला जोडलेला ‘ड’ ‘हॅड’चा की ‘वुड’चा हे पुढचे क्रियापद येईपर्यंत कळत नाही; ज्याची इंग्रजी आपल्याप्रमाणेच शिकून आलेली आहे, त्याला उगाच थांबावे लागते. आणि तारीख, रक्कम, अट किंवा हरकत असलेले वाक्य, पत्र कितीही घरगुती असो, आम्ही पूर्ण रूपातच ठेवतो. ‘वुई डू नॉट कन्सेंट’ यातील ‘नॉट’ घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटता कामा नये. तिथे तो आघात आम्हांला हवाच असतो.