तांदूळ जुना, उत्तर ताजे

दुकानदाराला पूर्वी एक तोंड असले की पुरत असे. त्याच तोंडाने भाव सांगायचा, घासाघीस करायची, उधारी मागायची आणि उरलेल्या वेळात पान खायचे. आता दुकानाला दुसरे तोंड फुटले आहे. ते मोबाइलमध्ये असते, रात्री साडेअकरालाही उघडे असते आणि मुख्य म्हणजे ते जे बोलते ते लेखी राहते. गल्ल्यावर बसलेला माणूस "छे, मी असं म्हणालोच नव्हतो" असे म्हणून मोकळा होऊ शकतो. मोबाइलमधल्या तोंडाला ती सोय नाही. अशा तोंडाचा ताबा दीड महिन्यासाठी दुसऱ्याला द्यायचा म्हणजे गंमत नव्हे.

आमच्या हिचे गोंदियात तांदळाचे दुकान आहे. गोंदियात तांदूळ विकणे म्हणजे नागपुरात संत्री विकण्यासारखे! जिकडेतिकडे गिरण्याच गिरण्या. त्यामुळे हिची निम्मी गिऱ्हाइके बाहेरगावची. कुणी नागपूरला बदली झालेले, कुणी पुण्यात लेकीकडे कट्टा पाठवणारे. ती सगळी व्हॉट्सॲपवर भाव विचारतात, तिथेच माल मागवतात आणि तिथेच रुसतात. मध्यंतरी लेकीच्या बाळंतपणासाठी हिला पुण्याला जायचे ठरले. दुकानात तोलायला जुने काका होते. मोबाइल सांभाळायला माझा भाचा आमगावहून रोज दुपारी येणार होता. प्रश्न एवढाच होता, की त्याने काय लिहायचे आणि काय नाही, हे त्याला लिहून कोण देणार?

मी निवृत्त मुख्याध्यापक. साहजिकच लेखणी उचलली. "ग्राहकाचा संदेश प्राप्त होताच त्याचे साकल्याने अवलोकन करून यथोचित प्रत्युत्तर द्यावे," अशी सुरुवात करून मी अकरा पाने लिहिली. अनुक्रमणिकाही जोडली. अजूनही माझे मत आहे, की तो मसुदा उत्तम होता. हिने दीड पान वाचले आणि म्हणाली, "अहो, हे वाचायलाच आणखी एक माणूस ठेवावा लागेल."

मग तिने वहीचा एक कागद फाडला आणि स्वतःच लिहायला बसली. "बटण कुठलं दाबायचं ते पोराला माझ्याहून जास्त कळतं," ती म्हणाली. "कुठे हात आखडायचा, ते फक्त त्याला कळत नाही. तेवढंच लिहायचं." आणि तिने सूप हातात घेतल्यासारखे सगळे प्रश्न पाखडून तीन ढीग केले: अख्खा दाणा, कणी आणि खडा.

अख्खा दाणा म्हणजे ज्याचे उत्तर भाच्याने कुणाला न विचारता द्यायचे. दुकान कुठे, किती वाजेपर्यंत उघडे, कट्टा किती किलोचा, जुना तांदूळ म्हणजे काय. आमच्याकडे धान दिवाळीच्या आगेमागे कापणीला येते. त्या नव्या धानाचा तांदूळ चिकट शिजतो. वर्षभर मुरला, की पाणी जास्त पितो, फुगतो आणि भात मोकळा होतो. हे पुण्याच्या बाईंना दर आठवड्याला नव्याने सांगावे लागते. म्हणून ते उत्तर एकदाच नीट लिहून फोनमध्ये साठवून ठेवले. दुकानदारांसाठीच्या व्हॉट्सॲपमध्ये तशी सोय असते. भाच्याने /juna एवढेच टाइप केले, की अख्खा परिच्छेद हजर! दुसरे असेच उत्तर /hmt ह्या खुणेखाली गेले, कारण "तांदळाला घड्याळाचं नाव कसं?" हा प्रश्न ठरलेला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे ह्या शेतकऱ्याला १९८३ मध्ये आपल्या शेतातल्या काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वाढवल्या, आणि त्यातून हा वाण आला. त्या काळी जोरात असलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी नाव पडले. दादाजी २०१८ मध्ये गेले. हे वाचून गिऱ्हाईक खूश होते आणि एक कट्टा जास्त मागवते.

मात्र साठवलेल्या उत्तरात भाव घालायचा नाही, हे तिने दोनदा अधोरेखित केले. भाव गिरणीवाल्याच्या मनाप्रमाणे बदलतो, पण साठवलेले उत्तर बदलत नाही. मग सोमवारचा भाव शनिवारी जातो, आणि लेखी जातो. आजचा भाव काका सकाळी पाटीवर खडूने लिहितील, आणि भाच्याने पाटी बघूनच सांगायचा.

कणी म्हणजे ज्याचे उत्तर आहे, पण मामींना विचारून द्यायचे: सूट, उधारी, पाच कट्ट्यांच्या वरची मागणी, नव्या गावाला पोचवणे, "मंगळवारी मिळेलच ना?" असले प्रश्न. इथे भाच्याने लिहायचे, "विचारून अर्ध्या तासात कळवतो." ह्यातला अर्धा तास महत्त्वाचा. नुसते "कळवतो" म्हटले, की ते सरकारी उत्तर होते. आणि अर्ध्या तासात मामी बाळाला तेल लावत असल्या, फोन उचलला नाही, तरी "अजून विचारणं झालं नाही, सातपर्यंत सांगतो" असे लिहायचे. कारण संदेश एकदा उघडला, की गिऱ्हाइकाला निळ्या खुणा दिसतात, आणि आपल्याकडे तो न वाचलेल्यांच्या यादीतून निघून जातो. आपण विसरतो, पण तो विसरत नाही. म्हणून उत्तर देता येत नसेल, तर तो संदेश पुन्हा 'न वाचलेला' करून ठेवायचा.

खडा म्हणजे ज्याला दात लावायचाच नाही. "तांदळात किडे निघाले", "पैसे परत करा", आणि कुणीही सहा आकडी कोड मागणे. तक्रार आली, तर कट्ट्याचा फोटो मागवायचा, "मामी आज संध्याकाळी फोन करतील" एवढे लिहायचे आणि थांबायचे. वाद नाही आणि कबुलीही नाही. पोरे चांगल्या मनाची असतात, घाईने "बदलून देतो" म्हणून जातात; आणि ते दुकानाच्या नावाने गेलेले असते. सहा आकडी कोड मात्र मामांनी मागितला तरी द्यायचा नाही, असे खास लिहिले होते. तो कोड दुसऱ्याच्या हाती गेला, की दुकानाचे तोंडच चोरीला जाते.

कागद झाला. आता परीक्षा! हिने माझा मोबाइल घेतला, स्वयंपाकघरात गेली आणि गिऱ्हाईक होऊन लिहिले, "भैया, एचएमटी दो कट्टा, नागपूर भेजने का कितना?" ओसरीवरून भाच्याचे उत्तर विजेच्या वेगाने आले: "तीन हजार."

ही बाहेर आली. "नवा की जुना? कट्टा पंचवीसचा की तीसचा? गाडीभाडं ह्यात धरलं की नाही? हा भाव कधीपर्यंत? आणि त्यानं हिंदीत विचारलं, तू मराठीत का सांगितलंस?" भाचा कागदाकडे बघू लागला. कागदावर हे नव्हते. मग तिने मागच्या बाजूला नमुना लिहिला: "एचएमटी, पुराना. २५ किलो का कट्टा १,५०० रुपये, दो कट्टे ३,००० रुपये. गाडीभाडा अलग, आपको वहीं देना है. यह भाव कल शाम तक." ज्या भाषेत विचारणा, त्याच भाषेत उत्तर. आमच्याकडे एकच माणूस हिंदीत भाव विचारतो, मराठीत भांडतो आणि पोवारीत आभार मानतो, त्यामुळे ही सूचना वाटते तेवढी सोपी नाही.

गिऱ्हाईक "भेज दो" म्हणाले, तरी लगेच कट्टा उचलायचा नाही. पूर्ण मागणी, नाव आणि पत्ता परत लिहून पाठवायचा आणि "हो" येऊ द्यायचे. नंतर पैसे. कुणी पैसे भरल्याचा फोटो पाठवला, तर तो फोटो आहे, पैसे नव्हेत. दुकानाच्या खात्यात रक्कम आल्याचे काकांना विचारायचे, मगच त्या नावापुढे 'पैसे आले' ही खूण लावायची. आणि पैसे घेताना आपल्याला कधीही पिन टाकावा लागत नाही, कसला चौकोन स्कॅन करावा लागत नाही. समोरचा तसे सांगू लागला, की तो गिऱ्हाईक नाही. असा माणूस खड्यांच्या ढिगात.

सकाळच्या फोटोबद्दल तीनच ओळी होत्या. तांदूळ स्टीलच्या ताटात, दाराच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली जुना तांदूळ निळा दिसतो. भाव लिहिला तर तारीखही लिहायची, कारण स्टेटस चोवीस तासांत जाते, पण लोक त्याचा फोटो काढून ठेवतात. आणि तिसरी ओळ: मागे उधारीची वही उघडी नाही ना, ते बघायचे. कुणाकडे किती थकले आहे, ते साऱ्या गावाने बघितले तर त्या महिन्यात वसुलीही होणार नाही आणि विक्रीही.

राहिला खुद्द फोन. दुकानाचा फोन हिच्याबरोबर पुण्याला गेला, आणि भाच्याचा मोबाइल त्याला जोडून दिला. अशी चार यंत्रे जोडता येतात. फक्त मूळ फोन चौदा दिवस वापरलाच नाही, तर जोडलेली सगळी आपोआप तुटतात, म्हणून तो पुण्यातही रोज उघडायचा. दोघांनाही सगळे दिसते, ही सोयही आणि धोकाही. एकाच गिऱ्हाइकाला दोघांनी दोन भाव सांगितले, तर ते साहजिकच स्वस्तातला धरते. म्हणून ठरले, की दिवसा भाचाच बोलेल, आठनंतर कुणी नाही, आणि मामींनी मध्ये तोंड घालायचे ते फक्त खड्यांसाठी. परत आल्यावर जोडणी काढून टाकायची. "नातं राहतं," ही म्हणाली, "जोडणी काढायची."

रोज संध्याकाळी भाचा तीन ओळी पाठवत असे: काय विचारले, काय सांगितले, काय राहिले. पहिल्या आठवड्यात रोज सात-आठ कण्या असत. एकच प्रश्न दोनदा आला, की ही पुण्याहून उत्तर सांगे, आणि तो ते कागदावर अख्ख्या दाण्यांत चढवी. तिसऱ्या आठवड्यात दिवसाला एखादी कणी उरली. कागद चालतो की नाही, हे ओळखायला दुसरे माप नाही.

एका संध्याकाळी मी दुकानात गेलो. घरातले तांदूळ संपले होते. मी भाच्याला म्हणालो, "पाच किलो चिन्नोर दे, पैसे मामी आल्यावर." त्याने खिशातला कागद काढला, उलटा केला, सुलटा केला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला,

"मामा, उधारी कणीत येते. विचारून अर्ध्या तासात कळवतो."