फोटोतल्या बाकीच्यांचं काय?

मावशीच्या बचत गटाच्या पापडांच्या पाकिटावर एक चित्र हवं होतं. चित्रकाराला द्यायला गटाकडे पैसे नव्हते. एआयला फोटो संदर्भ म्हणून दिला आणि खाली चार ओळी लिहिल्या की तसं चित्र तयार होतं, हे आता गावातही सगळ्यांना ठाऊक आहे. आठवडी बाजारातला मावशीचा एक सुंदर फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. समोर पापडांच्या चळती, वर निळी ताडपत्री, आणि मावशी हसत कुणाला तरी पापड देते आहे. मी यातलं काही कधी केलेलं नव्हतं. पाठवण्याआधी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि गोंधळून गेले, कारण त्यात मावशी एकटी नव्हतीच.

डावीकडे गटातली एक ताई उभी होती. पापड घ्यायला पुढे आलेला हात एका गिऱ्हाईक बाईंचा होता. त्यांचा चेहरा अर्धा वळलेला होता, पण मनगटाच्या वर गोंदलेलं नाव स्वच्छ वाचता येत होतं. मावशीच्या खांद्यामागे एक म्हातारे बाबा पोत्यावर बसून थेट कॅमेऱ्याकडे बघत होते. उजव्या कडेला शाळेच्या गणवेशातला एक मुलगा, त्याच्या छातीवर शाळेचा बिल्ला. त्याच्याजवळ स्कूटर, तिची नंबरप्लेट दिसते आहे. वर दुकानाची पाटी, पाटीवर मोबाइल नंबर. चित्र काढायला होकार मिळाला होता तो फक्त मावशीचा.

तालुक्याला आमच्या ओळखीचा एक दादा फोटो स्टुडिओ चालवतो. त्याच्या संगणकावर स्टेबल डिफ्यूजन हा चित्र तयार करणारा प्रोग्रॅम आहे आणि तो इंटरनेटशिवाय चालतो. मी त्याला विचारलं, "चित्र तयार झाल्यावर मागची माणसं पुसली तर चालेल ना?" तो म्हणाला, "ताई, ऑनलाइन साधनाला फोटो दिलास की तो तुझ्या हातातून गेला. चित्रातून माणूस पुसलास तरी फोटो तिकडे पोचलेलाच असतो. जे करायचं ते आधी कर." मग त्याने कागदावर तीन रकाने आखून दिले: ज्यांना विचारायचं, ज्यांना कापायचं, ज्यांना झाकायचं. फोटोतलं प्रत्येक माणूस आणि प्रत्येक अक्षर या तिन्हींपैकी एका रकान्यात बसलंच पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

कापण्याचं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात खात्रीचं. जे पाठवलंच नाही, ते कुठे जाणार? माझा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा होता. मावशी मध्ये राहील असा २००० बाय २५०० चा उभा तुकडा ठेवला तर मुलगा, स्कूटर आणि पाटी एका फटक्यात बाहेर जात होती. एवढं कापल्यावर चित्र खराब होईल अशी मला धास्ती होती. दादाने समजावलं की त्याचा प्रोग्रॅम साधारण १०२४ पिक्सेलच्या चित्रावर काम करतो, मोठा फोटो दिला तरी तो आधी लहानच होतो. उलट घट्ट कापलं की मावशीच्या चेहऱ्याला जास्त पिक्सेल मिळतात आणि तो नीट उतरतो.

पण कापलेलं खरोखर कापलं गेलं का, हे बघावं लागतं. पुष्कळ फोनच्या गॅलरीत कापलेला फोटो पुन्हा मूळ रूपात आणता येतो. वर्डच्या फाइलीत फोटो टाकून तिथे कडा कापल्या तर कापलेला भाग नुसता लपतो, फाइलीत तसाच राहतो. २०२३ साली गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप या साधनातही असाच दोष उघड झाला. कापून जतन केलेल्या चित्राच्या फाइलीत आधीच्या चित्राचा भाग शिल्लक राहत होता आणि तो बऱ्याच अंशी परत मिळवता येत होता. म्हणून दादा कापलेला फोटो नव्या नावाने वेगळी फाइल म्हणून काढतो, त्यातली ठिकाणाची नोंद पुसतो, आणि ती फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून बघतो. तिथे २००० बाय २५०० एवढंच दिसलं आणि मूळ फोटोवर परत जाण्याची सोय दिसली नाही, की ती फाइल पुढे जाते.

आता उरले मावशीच्या खांद्यामागचे बाबा. त्यांना कापायचं तर मावशीचा खांदा कापावा लागला असता. ते त्या दिवशी बाहेरगावाहून आले असावेत, कारण बाजारात कुणीच त्यांना ओळखलं नाही. म्हणजे विचारायचीही सोय नाही. मी म्हटलं, चेहरा धूसर करूया. मोबाइलमध्ये ते बटण असतंच.

धूसर केल्यावर नेमकं काय होतं ते बघायला आम्ही वेगळा फोटो काढला. मावशी पुढे आणि बाबांच्या जागी मी. दादाने माझा चेहरा हलकासा धूसर केला आणि त्याच्या संगणकावर चित्र तयार केलं. डिनॉइझिंग स्ट्रेंग्थ नावाचा एक आकडा असतो. मूळ फोटोपासून प्रोग्रॅमने किती दूर जायचं, ते त्यावर ठरतं. तो ०.३ ठेवला तेव्हा माझ्या तोंडावर नुसतं धुकं राहिलं, पण बसण्याची ढब, नऊवारीचा रंग, बांधा सगळं तसंच. माझ्या घरच्यांनी एका नजरेत ओळखलं असतं. आकडा ०.७५ वर नेला तेव्हा धुकं गेलं आणि तिथे एक नवाच स्वच्छ चेहरा उगवला, नाकडोळे सगळं असलेला. तो माझा नव्हता. मी बघतच राहिले. प्रोग्रॅमने लपवलेलं उघडं केलं नव्हतं, रिकामी जागा आपल्या मनाने भरली होती. २०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या पल्स या साधनाला बराक ओबामांचा अगदी ढोबळ चौकोनांचा फोटो दिल्यावर त्यातून एका गोऱ्या माणसाचा चेहरा निघाला होता, तोही याच जातीचा प्रकार. आमच्या पाकिटावर असा चेहरा छापला गेला आणि तो शेजारच्या गावातल्या एखाद्या बाईसारखा दिसला, तर तिला काय सांगणार?

शिवाय धूसर केलेलं दर वेळी लपतंच असंही नाही. २००७ साली इंटरपोलने शोधलेल्या एका गुन्हेगाराने स्वतःचा चेहरा भोवऱ्यासारखा पिळून लपवला होता. जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो पीळ उलटा फिरवून चेहरा परत मिळवला. पिळलेल्या किंवा हलक्या धूसर केलेल्या चेहऱ्यात मूळची माहिती बरीचशी शिल्लक असते. सपाट रंगाखाली ती शिल्लक राहत नाही.

म्हणून दादाने माझ्यावर सपाट करडा चौकोन मारून पाहिला. आता मी पूर्ण गेले, पण प्रोग्रॅमने त्या चौकोनाचं कपाट केलं! बाजारात, ताडपत्रीखाली, मावशीच्या मागे लोखंडी कपाट. तेव्हा मला कळलं की झाकणही त्या जागेला साजेसं हवं. शेवटी बाबांच्या फोटोत दादाने क्लोन ब्रशने शेजारच्या ताडपत्रीचाच तुकडा उचलून बाबांवर पसरला, अगदी पायापर्यंत, कारण चेहरा झाकून पागोटं आणि काठी ठेवली असती तर ओळखणाऱ्याने ओळखलंच असतं. नंतर सगळे थर एकत्र करून साधी जेपीजी फाइल काढली. थर वेगळे राहणाऱ्या फाइलीत खालचे बाबा तसेच बसलेले असतात.

विचारण्याचा रकाना मात्र मला सर्वांत अवघड गेला. "फोटो वापरू का?" एवढंच विचारलं तर माणूस सहज हो म्हणतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे भिंतीवरची फ्रेम असते. म्हणून मी माझ्याच फोटोवरून तयार झालेलं चित्र सोबत नेलं आणि ते दाखवून सांगितलं: हा फोटो मी इंटरनेटवरच्या एका प्रोग्रॅमला देणार आहे, त्यातून असं चित्र निघेल, ते पाकिटावर छापून दुकानात जाईल, आणि एकदा फोटो पाठवला की तो पूर्ण परत घेता येईल असं मी सांगू शकत नाही.

गिऱ्हाईक बाई दर आठवड्याला येतात, त्यामुळे पुढच्या बाजारी भेटल्या. चित्र नीट बघून म्हणाल्या, "हात राहू दे गं, तोंड नको. आणि हे नाव तर अजिबात नको." त्यांच्या गोंदणात घरातल्या माणसाचं नाव होतं. होकार असा अर्धाही असू शकतो, आणि तो जसा दिला तसाच पाळायचा असतो. आम्ही फोटो असा कापला की त्यांचा चेहरा बाहेर गेला आणि हात मनगटाच्या थोडा वरपर्यंतच राहिला, आणि उरलेल्या गोंदणावर त्वचेचाच रंग फिरवला. ताईने आधी हो म्हटलं, दोन दिवसांनी घरी येऊन म्हणाली, "मला काढून टाक." मी कारण विचारलं नाही. तेव्हा फोटो पाठवलेला नव्हता म्हणून तिचा शब्द पाळता आला. डावी कड आणखी आत घेतली आणि ती फोटोतून गेली.

गणवेशातल्या मुलाला विचारायचा प्रश्नच नव्हता, तो आधीच कापला गेला होता. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. घरगुती, खासगी वापराला हा कायदा लागू नाही. पण विकायच्या पाकिटावरचं चित्र घरगुती कसं म्हणायचं? माझ्यापुरता मी तो प्रश्न मुलाला बाहेर ठेवून सोडवला.

अशी तयार झालेली फाइल मी ऑनलाइन साधनाला दिली. खाली आधी लिहिलं होतं, "मागे माणसं नकोत." त्या चित्रात ताडपत्रीच्या घडीत एक पुसटसा चेहरा निघाला. दादा म्हणाला, ज्याचं नाव घ्याल ते बरेचदा चित्रात येतं, म्हणून काय नको ते लिहू नकोस, काय हवं ते लिही. मग लिहिलं, "मागे निळी ताडपत्री आणि पोत्यांची थप्पी." ते चित्र चारही कोपऱ्यांत मोठं करून तपासलं, मावशीला दाखवलं, मग छापायला दिलं. पाकिटावर मावशी आहे, एक हात आहे, पापड आहेत. ताई आणि ते बाबा नाहीत.

तुम्हीही असा फोटो कुठल्याही साधनाला देणार असाल तर पाठवण्याआधी तो मोठा करून कडेपासून कडेपर्यंत बघा. ज्याला विचारता येईल त्याला विचारा. ज्याने नाही म्हटलं किंवा जो भेटणारच नाही, त्याला आधी कापा, कापता आलं नाही तर पूर्ण झाका. नुसता चेहरा धूसर करून थांबू नका.