एका खांबावरच्या तीन पाट्या

जूनमधल्या एका शनिवारी सायंकाळी पावणेसातच्या सुमारास आमच्या पुतणीने जर्मनीहून एक छायाचित्र धाडले आणि खाली एकच ओळ लिहिली : "काका, गाडी इथे ठेवू का? लगेच सांगा." तिथे तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजत होते. नोकरीनिमित्त जाऊन तिला नि जावईबापूंना सहा महिने झालेले. भाड्याची मोटार घेऊन दोघे हायडेलबर्गचा किल्ला पाहावयास निघाली होती. कायद्याच्या पदवीच्या काळात आम्ही पुण्यात दोन वर्षे हौसेने जर्मन शिकलो होतो, ही गोष्ट घरात उगाच मोठी करून सांगितली जाते. त्याचे हे फळ.

छायाचित्रात एक खांब होता. वर निळ्या चौकोनात पांढरा 'पी'; म्हणजे गाडी ठेवण्याची जागा. त्याखाली पांढरी पाटी : एका चकतीचे चित्र आणि '२ तास'. त्याखाली आणखी एक : 'वेर्कटाग्स', नऊ ते एकोणीस. त्याच्याही खाली काहीतरी होते. पण छायाचित्राच्या कडेने ते कापले गेले होते.

पुतणीने स्वतः केलेला अर्थ असा. 'वेर्क' म्हणजे काम, 'टाग' म्हणजे दिवस. कामाच्या दिवशी दोन तासांची मर्यादा. आज शनिवार, तिच्या कचेरीला सुटी. तेव्हा आज मर्यादाच नाही, वाटेल तितका वेळ गाडी ठेवावी. अर्थाची मांडणी चोख होती, आणि अर्थ चुकीचा होता.

शब्दाची फोड करून अर्थ काढण्याची ही खोड आम्हां मराठी माणसांना संस्कृतामुळे लागलेली असावी. पण कायद्यातला शब्द व्युत्पत्तीने चालत नाही, व्याख्येने चालतो. जर्मनीच्या १९६३ च्या रजाविषयक कायद्यात ही व्याख्या स्वच्छ दिलेली आहे : रविवार आणि कायद्याने ठरविलेले सण वगळून उरलेले सगळे दिवस 'वेर्कटाग'. म्हणजे शनिवार त्यात आला. तो कायदा कामगारांच्या रजेचा, रस्त्याचा नव्हे, हे खरे. परंतु रस्त्यावरच्या पाट्या वाचतानाही तिथे शनिवार कामाच्या दिवसांतच मोजतात. शनिवार वगळायचा असेल, तर पाटीवर सोमवार ते शुक्रवार असे वारच लिहिलेले असतात. तिच्या कचेरीला कोणत्या दिवशी सुटी आहे, याच्याशी त्या खांबाला काही कर्तव्य नव्हते.

आम्ही तिला कळविले : "शनिवार धरायचाच. दोन तासांची मर्यादा लागू. पण अजून गाडी सोडून जाऊ नकोस. खालची पाटी कापली गेली आहे, ती आधी पाठव."

पस्तीस वर्षांच्या वकिलीत आमच्यापुढे किती दस्त असे आले, की ज्यांचे शेवटचे पान झेरॉक्समध्ये राहून गेलेले असे, आणि नेमकी अट त्याच पानावर असे! त्या देशात मुख्य चिन्हाखाली लावलेली प्रत्येक पुरवणी पाटी त्या चिन्हाचाच भाग असते. तिने आज्ञा मर्यादित होते, किंवा कोणाला तरी तीतून सूट मिळते. खालची एक पाटी न वाचणे म्हणजे कलम वाचून परंतुक न वाचणे.

दुसरे छायाचित्र आले. तिसऱ्या पाटीवर 'बेवोनर' म्हणजे रहिवासी, मग 'पार्कआउसवाइस' म्हणजे त्यांना मिळणारा परवाना, त्याचा क्रमांक, आणि शेवटी एक छोटा शब्द : 'फ्राय'.

पुतणीचा धीर सुटला. "काका, ही जागा रहिवाशांसाठी मोकळी ठेवलेली आहे. आम्ही निघतो." तिचा हा दुसरा अर्थ पहिल्याच्या अगदी उलट दिशेने चुकला होता. 'फ्राय' म्हणजे मोकळे हे खरे. पण इथे मोकळी आहे ती जागा नव्हे, रहिवासी मोकळे आहेत, वरच्या अटीतून. परवाना असलेल्या रहिवाशाला चकती नको, दोन तासांचे बंधन नको. बाकीच्यांना ते आहे. आपल्याकडे 'माफ' हा शब्द ज्या अर्थाने योजतात, तोच हा 'फ्राय'. गंमत अशी, की तो शब्द पाटीवर नसता, नुसते 'परवानाधारक रहिवासी' एवढेच लिहिलेले असते, तर पुतणीचेच म्हणणे बरोबर ठरले असते : तेव्हा निळा 'पी' फक्त रहिवाशांसाठी उरतो, परक्याने तिथे गाडी ठेवायचीच नाही. एका शब्दाने परवानगीची मनाई होते.

आता आम्ही तिला गाडीच्या पुढे काय आहे ते विचारले. पुढच्या खांबाचे छायाचित्र आले, ते अगदी जवळून घेतलेले : लाल कडा असलेले निळे वर्तुळ, त्यावर एकच तिरपी लाल रेघ. दोन रेघांची फुली असती, तर थांबण्यासही मनाई. एक रेघ म्हणजे तीन मिनिटांपर्यंत थांबता येते, गाडी सोडून जाता येत नाही. वर्तुळात एक बारीक पांढरा बाण डावीकडे दाखवीत होता.

इथे मात्र आम्हीच फसलो. नियम आम्हांला ठाऊक होता : बाण रस्त्याकडे असेल तर मनाई तिथे सुरू होते, रस्त्यापासून उलट दिशेला असेल तर तिथे संपते. डावीकडचा बाण पाहून आम्ही लिहून टाकले की मनाई इथे संपते, म्हणजे तुमची गाडी मनाईच्या पट्ट्यातच उभी आहे. पाठवून झाल्यावर ध्यानात आले, की चित्रात रस्ता दिसतच नव्हता. तो आम्ही सवयीने उजवीकडे मानला होता. आपण डावीकडून गाडी हाकतो, म्हणून आपल्या खांबाच्या उजवीकडे रस्ता असतो. जर्मनीत गाड्या उजवीकडून धावतात. खांब उजव्या कडेला आणि रस्ता त्याच्या डावीकडे. बाण रस्त्याकडेच होता. मनाई त्या खांबापासून पुढे सुरू होत होती, आणि गाडी त्याच्या अलीकडे उभी होती. घाईघाईने आम्ही आधीचा निकाल मागे घेतला आणि खात्रीसाठी दहा पावले मागे येऊन, रस्ता नि गाडी दोन्ही दिसतील असे छायाचित्र मागविले. ते पहिल्यांदाच मागवावयास हवे होते.

राहिली चकती. ती निळी, पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची असते. फिरती तबकडी आगमनाची वेळ दाखविते. भाड्याच्या गाडीच्या खणात ती सापडली. जावईबापू काटेकोर माणूस; गाडी लावली ती वेळ, तीन वाजून सात मिनिटे, तेवढीच नेमकी लावू पाहत होते. पण तिथला नियम उदार आहे : आगमनानंतर येणाऱ्या पुढच्या अर्ध्या तासावर काटा ठेवायचा. म्हणजे साडेतीन, आणि दोन तास तिथून मोजायचे. साडेपाचपर्यंत गाडी निर्धास्त. साडेपाचला येऊन नुसती चकती पुढे सरकविणे मात्र चालत नाही, हेही आम्ही बजावून ठेवले.

काचेआडच्या चकतीचे छायाचित्र आले, काटा साडेतीनवर. त्यानंतर किल्ल्याची तीसेक छायाचित्रे आली. आमच्याकडे रात्री नऊला पाच मिनिटे कमी असताना शेवटचा निरोप आला : "निघालो, काका. रविवारी आलो असतो तर?" आम्ही लिहिले : "रविवारी चकतीही नको होती."