पाटी वाचता आली, पण...

प्रतापनगरातील माझ्या दवाखान्यात जड वाहनांचे चालक अधूनमधून येतात. आजारी असतात म्हणून नव्हे, तर परवान्याच्या नूतनीकरणासाठी ‘नमुना १-ए’ या वैद्यकीय प्रमाणपत्रावर सही हवी असते म्हणून. गेल्या उन्हाळ्यात असेच एक ट्रकचालक आले. वय ५४, तीस वर्षे नागपूर–रायपूर मार्गावर गेलेली. पाच वर्षांपूर्वीही त्यांच्या प्रमाणपत्रावर माझीच सही होती.

मी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. उजव्या डोळ्याने शेवटची ओळ, डाव्याने तिच्या वरची. रंगही बरोबर ओळखले. मी पेन उघडले, तेवढ्यात ते सहज बोलून गेले, “साहेब, यंदा क्लीनरच्या बाजूचा आरसा दोनदा घासला. पोरगा म्हणते, बाबा, तुमचं ध्यान नाही राहत.”

मी पेन खाली ठेवले. त्यांच्यासमोर हातभर अंतरावर खुर्ची ओढून बसलो. त्यांना उजवा डोळा झाकायला सांगितला, माझा समोरचा डावा डोळा मी मिटला आणि ‘माझ्या नाकाकडे बघा, बोट दिसले की सांगा’ असे म्हणून बाहेरून आत बोट आणू लागलो. मला माझे बोट केव्हाच दिसले होते. त्यांना मात्र ते जवळजवळ मध्यभागी आल्यावर दिसले. ही तपासणी ढोबळच असते, सुरुवातीचा दोष तीत सापडत नाही. ज्या अर्थी इथे सापडला, त्या अर्थी नुकसान बरेच झालेले होते.

मी सही न करता त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. अहवाल आला तो असा : डोळ्यांतील दाब डावीकडे ३२ आणि उजवीकडे २६. सामान्यतः तो १० ते २१ असतो. मेंदूकडे दृष्टी नेणाऱ्या नसेच्या तोंडाशी एक लहानसा खळगा असतो. त्यांच्या डाव्या डोळ्यात तो पसरत जवळपास कडेला भिडला होता. दृष्टिक्षेत्राच्या आलेखावर डावीकडे काळे डाग होते. निदान स्पष्ट होते : काचबिंदू.

“मोतीबिंदू ना? मग ऑपरेशन करून टाकू,” ते म्हणाले. हा गैरसमज घरोघरी आहे. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते. ते बदलले की दृष्टी परत येते. काचबिंदूत नसेचे तंतू मरतात आणि मेलेला तंतू कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. औषधाने, लेसरने वा शस्त्रक्रियेने दाब उतरवायचा, तो उरलेले वाचवण्यासाठी.

“पण मले त सप्पा दिसते!” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. नेहमीच्या काचबिंदूत दुखत नाही, डोळा लाल होत नाही आणि मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, उरलेली रिकामी जागा मेंदू अंदाजाने रंगवतो. तक्ता केवळ मधली नजर मोजतो, रस्त्यावरची सायकल मात्र कडेने येते.

मग त्यांनी विचारले, “पाच वर्षांमागे तुम्हीच तपासलं होतं ना, साहेब?” होय, मीच तपासले होते. तेव्हा मी तक्ता वाचून घेतला होता, बोट फिरवले नव्हते. दाबही कुठे मोजला गेला नव्हता. मी तसे त्यांना सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले. त्या शांततेचे ओझे अजून उतरलेले नाही.

प्रमाणपत्र मी दिले नाही. आता ते वाडीतल्या एका गोदामात मालाची नोंद ठेवतात. पगार कमी झाला आहे. रात्री झोपताना पत्नी त्यांच्या डोळ्यांत औषध घालतात. खालची पापणी ओढून एकच थेंब घालायचा, डोळा अलगद मिटायचा आणि नाकालगतचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात न उतरता डोळ्यात राहते. नागपूरच्या उन्हाळ्यात ही बाटली फ्रीजच्या दारात ठेवावी आणि उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यावी, असे मी त्यांना सांगितले. तीन महिन्यांनी डाव्या डोळ्याचा दाब १७ झाला. त्यांना फरक काहीच जाणवला नाही. नेमके याच टप्प्यावर अनेकजण ‘फायदा नाही’ म्हणून औषध सोडतात. इथे फायदा म्हणजे पुढच्या आलेखावर डाग न वाढणे.

हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो, म्हणून त्यांच्या धाकट्या भावालाही तपासायला सांगितले. त्यांचा दाब वाढलेला निघाला, पण दृष्टिक्षेत्र पूर्ण शाबूत होते. ते आजही ऑटो चालवतात, औषध न चुकवता.

आता नमुना १-ए समोर आला की मी आधी खुर्ची ओढतो, पेन नंतर उघडतो.