मोहाच्या झाडाखालचा प्रसंग

आठवीच्या वर्गासाठी नाट्याचा तास आखायला बसले की माझा सगळ्यात जास्त वेळ टाचणवहीतल्या एका ओळीवर जातो. ती ओळ म्हणजे मुलांना द्यायचा प्रसंग. त्या एका ओळीवरून चार जणांचा गट बारा मिनिटांत दोन मिनिटांचा प्रवेश उभा करणार असतो. संहिता नसते, पाठांतर नसतं. ओळ नीट उतरली तर मुलं आपोआप कामाला लागतात. ती फसली तर बारा मिनिटं नुसती कोण काय होणार यावरून भांडण्यात जातात.

माझी शाळा गडचिरोली जिल्ह्यात, वडशापासून फार लांब नाही. झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचं केंद्र हेच वडसा देसाईगंज. धान घरात आलं की दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो. गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. याच रंगभूमीवरच्या कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यामुळे माझ्या वर्गातल्या मुलांना नाटक काय असतं ते सांगावं लागत नाही. आईच्या मांडीवर झोपत, जागत त्यांनी ते पाहिलेलं असतं. पण त्यांचं पाहणं रात्रभराच्या नाटकाचं असतं. त्यात दारुडा बाप असतो, रडणारी माय असते, विनोदी नोकर असतो आणि शेवटी पोलीस येतात. दोन मिनिटं दिली तर मुलं हे सगळं त्यातच कोंबतात. म्हणून प्रसंग असा निवडावा लागतो की त्यात पोलिसाला शिरायला जागाच उरणार नाही.

मार्चच्या सुरुवातीच्या तासासाठी मी ही ओळ लिहिली: ‘पहाट. मोहाच्या झाडाखाली दोघी. एकीची टोपली भरलेली, दुसरीची रिकामी. झाड पहिलीच्या घरचं.’

यात चार गोष्टी आहेत. जागा आहे, वेळ आहे, माणसं आहेत आणि दोघींना हवी असलेली एकच वस्तू आहे. पुढे काय होतं ते मात्र मुद्दाम लिहिलेलं नाही. ‘गरीब बाई मोह चोरते आणि पकडली जाते’ असा प्रसंग दिला असता तर मुलांनी गोष्ट करून दाखवली असती, शोधून काढली नसती. शेवट आधीच कळला की प्रत्येक जण त्या शेवटाकडे धावत सुटतो आणि मधली माणसं हरवतात. विषयही मी देत नाही. ‘वृक्षतोड’ किंवा ‘व्यसनमुक्ती’ हा शब्द फळ्यावर आला की पहिल्याच मिनिटाला भाषण सुरू होतं.

मोह निवडण्याचंही एक कारण होतं. मोहफूल वेचायला कसं जायचं हे इथल्या प्रत्येक मुलाच्या अंगाला माहीत आहे. फुलं पहाटे गळतात. वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आधी झाडून किंवा जाळून जागा साफ केली जाते. जंगलातलं कुठलं झाड कोणाच्या घरचं हे गावात ठरलेलं असतं. मग वाकून वाकून वेचायचं आणि घरी आणून अंगणात वाळत घालायचं. वाघाचा प्रसंग मात्र मी कधीच देत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या या पट्ट्यात मोह वेचताना माणसं वाघाच्या तावडीत सापडली आहेत. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी ते घडलेलं असू शकतं आणि ते त्यानं कोणाला सांगितलेलं नसेल. ते त्याच्याकडून बत्तीस जणांसमोर करवून घेण्याचा मला काही अधिकार नाही.

यानंतर वेळेचा हिशेब. तासिका पस्तीस मिनिटांची, म्हणून मी दोन जोडून घेते. बत्तीस मुलांचे चार-चारचे आठ गट होतात. एका गटाला सादरीकरणाला दोन मिनिटं, अभिप्रायाला चार आणि निवडलेला तुकडा पुन्हा करायला एक, अशी सात मिनिटं लागतात. आठ गटांना छप्पन्न मिनिटं झाली, म्हणजे सुरुवातीच्या सरावाला आणि तयारीला मिळून चौदाच मिनिटं उरतात. म्हणून पहिल्या दिवशी चारच गट सादर करतात. उरलेले चार गट साक्षीदार असतात आणि प्रत्येक साक्षीदार गटाला एकच सादर करणारा गट नेमून दिलेला असतो. दुसऱ्या दिवशी भूमिका उलटतात. सगळ्यांनी सगळ्यांवर बोलायचं ठेवलं तर नेहमीचे पाचसहा हात वर होतात. नेमून दिलं की गप्प बसणारी मुलंही बघतात, कारण त्यांना बोलावं लागणार असतं.

पहिली दहा मिनिटं शब्दांवाचून. सगळ्यांनी मैदानात फिरायचं, हातात नसलेली टोपली घेऊन. आधी रिकामी, मग अर्धी, मग काठोकाठ भरलेली. ओला मोह जड असतो, म्हणून भरलेली टोपली कमरेवर घेतली की विरुद्ध बाजूचा खांदा खाली येतो आणि पाऊल आखूड पडतं. हे मी सांगत नाही. ‘आईची टोपली आठव’ एवढंच म्हणते. प्रवेशात ज्या वस्तूवरून भांडण आहे तिला वजन नसेल तर भांडणालाही वजन येत नाही.

मग तयारीची बारा मिनिटं. त्यात संवाद ठरवायचे नाहीत. ठरवायचं इतकंच: कोण कोणाची कोण लागते, दोघींपैकी कोणाला आत्ता काय हवं आहे आणि पहिलं वाक्य कोणाचं. बाकीचे दोघं प्रसंगात असू शकतात किंवा बाहेरून आवाज देऊ शकतात. एक नियम फळ्यावर असतो: समोरच्यानं जे सांगितलं ते खरं धरायचं. ती म्हणाली तू माझी वहिनी, तर तू वहिनी. दंडार करणाऱ्या गावातल्या मुलांना हे पटकन जमतं. आयत्या वेळी जुळवलेला संवाद त्यांनी ऐकलेला असतो. आणि बोली ज्याची त्याची. झाडीबोली, गोंडी, माडिया, काहीही चालेल. पुस्तकी मराठीत मुलं एकेक शब्द तोलत बोलतात आणि तेवढ्यात समोरच्याचं ऐकायचं राहून जातं.

एका गटाचं काय झालं ते सविस्तर सांगते. दोन मुली झाडाखाली आल्या. भरलेल्या टोपलीवालीनं सुरुवात केली, “तू कावून आलीस इथं? हे झाड आमच्या घरचं हाय.” दुसरी म्हणाली, “थोडा देनं.” “नाई देत.” “देनं.” “नाई देत.” तिसऱ्यांदा तेच वाक्य आलं, फक्त आवाज चढला. प्रवेश अडकल्याची ही खूण ओळखून ठेवण्यासारखी आहे. शब्द तेच आणि आवाज मोठा, म्हणजे दोघींपैकी कोणीच काही नवीन करून बघत नाही. अशा वेळी मी बाहेरून एकच शब्द टाकते, ‘विनवून बघ’ किंवा ‘हिशेब सांग’. या वेळी मी तोंड उघडायच्या आतच एक मुलगा फॉरेस्ट गार्ड होऊन आत शिरला. त्यानं दोघींना दटावलं आणि जंगल वाचवण्यावर चार वाक्यं ऐकवली. टाळ्या पडल्या. वेळ संपली.

आता साक्षीदार गट. त्यांना तीन प्रश्न असतात आणि क्रम बदलायचा नसतो. काय दिसलं? कोणत्या क्षणी पुढे काय होणार हे जाणून घ्यावंसं वाटलं? कुठला तुकडा पुन्हा बघायचा आहे? पहिल्या प्रश्नाला ‘छान’, ‘मस्त’, ‘आवाज कमी होता’ ही उत्तरं चालत नाहीत. डोळ्यांनी जे टिपलं तेच सांगायचं. सादर करणाऱ्यांनी त्या वेळी उत्तर द्यायचं नाही. त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली की चार मिनिटं तिथेच संपतात.

साक्षीदारांपैकी एक मुलगी म्हणाली, “मॅडम, गार्ड आला तेव्हा हिनं भरलेली टोपली एका हातानं हलवली.” म्हणजे वजन गेलं होतं. दुसरा म्हणाला, “रिकामीवाली रिकामी कावून हाय, ते कळलंच नाई.” आणि तिसरीनं सांगितलं की गार्ड आल्यावर या दोघींचं काय झालं ते राहूनच गेलं. यातलं एकही वाक्य चांगलं-वाईट ठरवणारं नव्हतं, पण पुढचं काम तिन्हींनी नेमकं दाखवलं. गटानं त्यातलं एक निवडायचं असतं. त्यांनी ‘रिकामी कावून’ निवडलं आणि गार्ड येण्याआधीच्या जागेपासून, गार्डशिवाय, तो तुकडा पुन्हा केला.

भरलेल्या टोपलीवालीनं विचारलं, “तुमचं झाड हाय नं तिकडं?” दुसरी जरा थांबली. मग म्हणाली, “आमच्या झाडाखाली आग आली. सारा मोह जळला.” हे तयारीत ठरलेलं नव्हतं. पहिलीनं ते खरं धरलं, नियमाप्रमाणे. पण ती काही बोलली नाही. तिनं कमरेवरची टोपली हळूच मागच्या बाजूला नेली. दुसरी म्हणाली, “पाला कोनं जाळला होता?” तिथेच मिनिट संपलं.

कोणी ओरडलं नाही, कोणी भाषण केलं नाही, तरी वर्गाला सगळं कळलं. मोहासाठी जाळलेला पाला वाऱ्यानं पुढे सरकतो आणि वणवा लागतो हे इथल्या मुलांना ऐकून नव्हे, बघून माहीत आहे. गार्डच्या भाषणात तेच होतं, पण तिथे ते कोणाचंच नव्हतं. इथे ते एका बाईच्या टोपलीत आलं. मी साक्षीदार गटाला पुन्हा एकच विचारलं, काय बदललेलं दिसलं? एका मुलानं स्वतःच्या कमरेवर हात ठेवून दाखवलं, टोपली इथून तिथे गेली. अभिप्राय कामाचा होता की नाही हे माझ्या सांगण्यावरून ठरत नाही. तुकडा पुन्हा केल्यावर काही हललं का, त्यावरून ठरतं. म्हणूनच ते एक मिनिट मी वेळापत्रकातून कधी कापत नाही, भले एखादा गट दुसऱ्या दिवसावर जावो.

मूल्यमापनही मी तिथेच करते. अभिनयाला गुण देत नाही. नोंदवहीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने असतात: समोरच्याचं ऐकून उत्तर दिलं का, आणि साक्षीदार म्हणून एक तरी नेमकी गोष्ट सांगितली का. दोन दिवसांत प्रत्येक मूल दोन्ही भूमिकांत जातं, म्हणून दोन्ही रकाने भरतात.

दुसऱ्या दिवसासाठी मात्र ओळ बदलावी लागते. आदल्या दिवशी चार गटांचं पाहिलेल्यांना तोच प्रसंग दिला तर ते आगीची गोष्टच पुन्हा करतील, कारण ती सगळ्यांना आवडली होती. म्हणून त्या संध्याकाळी मी रिकाम्या टोपलीवाली तीच ठेवली आणि समोरचं माणूस, जागा, वेळ बदलली: ‘भरदुपार. अंगणात मोह वाळत घातलेला. कालची रिकाम्या टोपलीवाली दारात उभी. घरात फक्त पहिलीची सासू.’ सासूला काल काय झालं ते माहीत आहे की नाही, हे लिहिलं नाही. ते प्रत्येक गटाला पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरवावं लागणार होतं आणि चारही गटांनी ते आपापल्या परीनं ठरवलं.