पाच अभ्रे आणि एक चादर

आमच्या आजीच्या वाकळेत बारा लुगडी आहेत. शिवाय आजोबांचे एक धोतर, बाबांच्या शाळेतल्या सदऱ्याच्या बाह्या आणि कुणाचे तरी एक फुलाफुलांचे परकराचे कापड आहे. इतके सगळे एका ठिकाणी येऊनही ती वाकळ डोळ्यांना कधी टोचत नाही. उलट आमच्या तालुक्याच्या गावात अलीकडे निघालेल्या सजावटीच्या दुकानात पाच रंगांची पाच नवी कुशने ओळीने मांडलेली दिसतात, तेव्हा प्रत्येक कुशन शेजारच्याशी भांडत असल्याचा भास होतो. असे का व्हावे, हा प्रश्न मला कॉलेजात कुणी घातला नव्हता. तो आमच्या शिलाई मशीनपाशी उभा राहिला.

आई शिवणकाम करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि त्या पायरीचा खर्च बराचसा त्या मशीनमधून येतो. गेल्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरण्याच्या सुमारास आईला पलीकडच्या कॉलनीतल्या एका काकूंचे काम मिळाले. दिवाणासाठी पाच अभ्रे शिवायचे आणि वर टाकायच्या सोलापुरी चादरीच्या कडा दुमडून द्यायच्या. मजुरी एकूण पाचशे रुपये. कापड त्यांनीच निवडून दिले होते. निळ्यावर पिवळी फुले असलेले छापील कापड दोन अभ्र्यांना, हिरव्यावर नारिंगी पाने असलेले एकाला, एकाला मरून रंगाचा खण, आणि एकाला जुन्या इरकली लुगड्याची निळसर बारीक चौकट. आईने सांगितले तसे शिवून दिले. दुसऱ्या दिवशी काकू पिशवी घेऊन परत आल्या. "शिवण चांगलीय हो तुमची," त्या म्हणाल्या, "पण मांडल्यावर बाजार भरल्यासारखं वाटतंय. काही करता आलं तर बघा, नाहीतर मला नको." कापड कापून झाले होते. नवे आणायला पैसे नव्हते. जे होते त्यातूनच वाट काढायची होती.

मी ते सगळे आमच्या बाजेवर मांडले आणि शेजारी आजीची वाकळ टाकली. रात्री बराच वेळ मी दोन्हींकडे आळीपाळीने पाहत बसले.

वाकळेतल्या बारा लुगड्यांत तीन गोष्टी सारख्या होत्या. पहिली म्हणजे सगळी वर्षानुवर्षे धुतलेली. लाल, हिरवा, निळा, सगळ्यांचा जोर सारखाच उतरलेला, त्यामुळे कुणाचाच आवाज दुसऱ्याच्या वर चढत नाही. दुसरी म्हणजे धावदोरा. कडेपासून आत बोटभर अंतराने एकच पांढरा टाका सगळ्या तुकड्यांवरून फिरला आहे. खाली नक्षी कोणतीही असो, वरचा पोत एकच. आणि तिसरी, चारी बाजूंनी एकाच कापडाची पट्टी. काकूंच्या नव्या कोऱ्या अभ्र्यांत या तिन्हींपैकी एकही नव्हती.

पण खरा गोंधळ कुठे होता ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. बाबांच्या मोबाइलवर मी त्या मांडणीचा फोटो काढला आणि त्यातला रंग काढून तो काळा-पांढरा केला. डोळे अर्धवट मिटून पाहिले तरी साधारण तेच दिसते, पण फोटोत लबाडी चालत नाही. खण जवळजवळ सपाट करडा दिसला, कारण त्याची नक्षी जेमतेम पाव इंचाची. दारातून पाहिले तर ती नक्षी राहतच नाही, एकच रंग होऊन जाते. इरकलीची बारीक चौकटही तशीच विरघळली. फुले आणि पाने मात्र दोन्ही फोटोत उठून आली. मोजली तर दोन्ही साधारण तीन तीन इंचांची, दोन्ही गडद जमिनीवर फिकट. मापही एक आणि जोरही एक, त्यामुळे एकाकडे पाहावे तर दुसरे डोळा ओढते. त्यावर पांढऱ्या जमिनीची, आठ इंचांच्या मरून नक्षीची सोलापुरी चादर सबंध दिवाणभर पसरलेली. डोळ्याला टेकायला जागाच नाही.

म्हणजे भांडण रंगांचे जेवढे होते त्याहून मापांचे जास्त होते. मोठी नक्षी एक असावी, मधली एक, आणि बाकीच्या इतक्या बारीक की लांबून त्या साध्या कापडासारख्या दिसाव्यात. मोठीशेजारी मोठी हवीच असेल तर एकीचा जोर तरी उतरवावा लागतो.

जोर उतरवायची युक्ती आईची. तिने पानांचा अभ्रा उसवला आणि कापड उलटे केले. छापील कापडाची मागची बाजू नेहमी फिकी असते, कारण रंग वरून बसलेला असतो आणि मागे थोडाच झिरपतो. पाने तीच राहिली, पण वीस वेळा धुतल्यासारखी दिसू लागली. विणून काढलेल्या नक्षीला हा उपाय लागू पडेलच असे नाही. खणाची उलटी बाजू पाहिली तर मागे सुटे धागे लोंबत होते, आणि असे धागे अंगठीत अडकतात.

आता डोळ्याला विसावा म्हणून एक अगदी साधे कापड हवे होते. नुसते पॉपलीन लावले असते तर एवढ्या नक्षीकामात ते विसरून राहिल्यासारखे वाटले असते. साध्या कापडाला निदान पोत तरी हवा. आजी कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिने आपली फाटकी घोंगडी पुढे केली. "घे ह्यातलं. मधलं गेलंय, कडंचं धड हाय." घोंगडी म्हणजे काळ्या मेंढीची जाड, खरखरीत लोकर. ती उजेड पिऊन टाकते. खण त्याच्या नेमका उलट, जरा हलवला की चकाकतो. एकट्या खणाची चमक भडक वाटते, पण घोंगडीशेजारी ठेवल्यावर तीच चमक दागिन्यासारखी दिसली. मात्र अशी चमकणारी वस्तू पाचांत एकच बरी.

घोंगडी टोचते, गालाला तर फारच. म्हणून दोन फुलांच्या अभ्र्यांपैकी एकाचा फक्त दर्शनी भाग काढून तिथे घोंगडी बसवली आणि पाठ फुलांचीच ठेवली. टेकायचे असेल तर उलटे करावे. मशीनला अठरा नंबरची सुई घातली, टाका लांब केला, आणि आत सुती अस्तर दिले. अस्तर नसते तर जाड आणि पातळ कापडाच्या शिवणीवर चुण्या पडल्या असत्या. कापून काढलेली फुले आईने पिशवीत परत ठेवली, कारण कापड काकूंचे होते.

यानंतर वाकळेच्या पट्टीची आठवण झाली. चादरीत, खणात आणि इरकलीच्या काठात मरून रंग होताच. आईने अर्धा मीटर मरून पॉपलीन आणले, तिरप्या दीड इंची पट्ट्या कापल्या आणि पाचही अभ्र्यांना गोट लावला. त्याआधी एक पट्टी ओली करून पांढऱ्या फडक्यावर ठेवून इस्त्री फिरवली, तर फडके गुलाबी झाले. मग सगळे पॉपलीन तीनदा धुतले आणि फडके पांढरे राहिले तेव्हाच लावले. अभ्रे आतल्या उशीपेक्षा इंचभर लहान शिवले, त्यामुळे कोपरे ताठ भरतात. ढिल्या अभ्र्यावर नक्षी चुरगळते आणि तो आणखी वेगळाच गोंधळ होतो.

मांडणीचा हिशेब राहिला होता. सोळा इंचांचे पाच अभ्रे ओळीने लावायचे तर सोळा पंचे ऐंशी, आणि दिवाण बहात्तर इंचांचा. तेव्हा मागे तीन, आणि एका टोकाला त्यांच्यापुढे दोन. मागे फुले, घोंगडी आणि उलटी पाने. पुढे खण आणि इरकल. फुले आणि पाने यांच्यामध्ये घोंगडी मुद्दाम ठेवली. इरकलीचा निळा नारिंगीला चिकटला की नारिंगी जास्तच पेटतो, म्हणून तो फुलांच्या बाजूला आणि खण घोंगडीपुढे.

याचे कारण मला नंतर आमच्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकात सापडले. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगाईचे प्रमुख होते. तिथला काळा रंग निळ्या-जांभळ्या कापडात फिका पडतो, अशी तक्रार आली. त्यांनी तपासले तर रंगात काही खोट नव्हती. शेजारच्या रंगामुळे डोळ्याला तो तसा दिसत होता. यावर त्यांनी १८३९ साली एक मोठा ग्रंथच लिहिला. ते वाचताना मला काकूंचे नारिंगी पान दिसत होते.

चादरीचे मात्र सोपे निघाले. सोलापुरी चादरीला दोन बाजू असतात. एका बाजूला जे मरून, ते दुसरीकडे पांढरे. आम्ही मरून जमिनीची बाजू वर घेतली. चादर साठ इंच रुंद, म्हणजे तिची तीन पदरी घडी वीस इंचांची झाली. नव्वद इंचांची लांबी निम्मी केली की पंचेचाळीस. दिवाण तीस इंच खोल, तेव्हा पुढे पंधरा इंच लोंबली. दिवाणाच्या मोकळ्या टोकाला एवढीच पट्टी, आणि बाकी जागेवर काकूंच्या गादीचा मळखाऊ तपकिरी खोळ तसाच उघडा ठेवायचा.

आईने मला त्यांच्या घरी पाठवले. मी मांडून दिले. काकू दारात उभ्या राहून पाहत होत्या. मग त्यांनी ट्यूब लावली. ट्यूबच्या उजेडात मरून थोडा काळपट झाला आणि खणाची चमक कमी झाली. हे मी धरले नव्हते. कापड निवडताना ज्या उजेडात खोली जास्त वापरली जाते त्याच उजेडात ते पाहायला हवे. पण फुले आणि पाने भांडत नव्हती. "आता बसवतंय," काकू म्हणाल्या आणि पाचशे रुपये दिले. पॉपलीनचे पैसे वेगळे मागायला आईने सांगितले नव्हते, मीही मागितले नाहीत.

उरलेले पानांचे कापड काकूंनी मलाच दिले. आईने त्याची आजीच्या उशीसाठी खोळ शिवली, सवयीने उलट्या बाजूने. आजीने ती हातात घेऊन फिरवून पाहिली.

"हे उलटं का लावलंस गं? पानं दिसू देत की."

आईने ती उसवून पुन्हा सरळ लावून दिली.